चोराच्या आधी आपली नोटीस पोचली पाहिजे

माझी पुतणी हिंगोलीतल्या एका पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. जुलैतल्या एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. आवाज बसलेला होता. "काका, सभासदांची कागदपत्रं बाहेर गेलीत. नोटीस लावायची आहे. अध्यक्ष म्हणतात, चार ओळींत मोघम लिहून टाका, लोकांना घाबरवू नका." मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच वसमत-कळमनुरीच्या खिडकीवर. तिला म्हटलं, "पोरी, मोघम काही लिहू नकोस. सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो." दोन दिवस तिच्यासोबत बसलो. तेव्हा जे सांगितलं ते इथे लिहितोय, कारण आज तिच्यावर आली ती पाळी उद्या दुसऱ्या संस्थेवर येणार आहे.

आधी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २०१६. सोयाबीनचे पैसे खात्यावर जमा झाले होते, दिवाळी दहा दिवसांवर होती. कळमनुरीकडचा एक शेतकरी सकाळी बँक उघडायच्या आधीच पायरीवर बसला होता. रात्री एटीएमनं कार्ड घेतलं नाही, म्हणून. मोबाइलवर इंग्रजीत एक ओळ आली होती, कार्ड सुरक्षेच्या कारणानं बंद केलंय एवढीच. त्याला ती वाचता येत नव्हती, आणि वाचली असती तरी कळण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. मलाही वरून काही कळवलेलं नव्हतं. मी त्याला स्लिपवर पैसे काढून दिले, नव्या कार्डाचा अर्ज भरून घेतला आणि म्हटलं, "काळजी करू नका." नवं कार्ड आलं. दोन दिवसांनी त्याला फोन आला: "तुमचं जुनं कार्ड बँकेनं बंद केलं होतं ना? नवं आलंय ना? चालू करून देतो, वरचे आकडे वाचा." त्यानं आकडे वाचले, मग मोबाइलवर आलेला ओटीपीही वाचला. १८,४०० रुपये गेले.

मी त्याला विचारलं, "अनोळखी माणसाला सांगितलंच कसं?" तो म्हणाला, "साहेब, कार्ड बंद झाल्याचं त्याला ठाऊक होतं. बँकेचाच असंल." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आम्ही जी खरी गोष्ट त्याला सांगितली नव्हती ती चोरानं सांगितली, म्हणून चोर त्याला खरा वाटला.

काय झालं होतं ते नंतर पेपरात वाचलं. देशभरातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आली होती. एटीएमचे व्यवहार सांभाळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरलं होतं. कंपनीनं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये मान्य केलं. एकट्या स्टेट बँकेनं सहा लाखांच्या आसपास कार्डं बंद केली. प्रत्यक्ष पैसे गेल्याच्या तक्रारी मात्र एनपीसीआयच्या सांगण्यानुसार १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांच्या होत्या, रक्कम १ कोटी ३० लाख. म्हणजे ज्यांचं कार्ड बंद झालं त्यातल्या बहुतेकांचा एक रुपयाही त्या चोरीत गेला नव्हता. पण काय झालं, कुणाचं झालं, आता काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्या न सांगण्याच्या फटीतून दुसरे चोर आत आले.

म्हणून पुतणीला पहिलं सांगणं हे होतं की नोटीस ही माफी मागायला किंवा हात झटकायला लिहायची नसते. चोराचा फोन जायच्या आधी आपलं खरं बोलणं सभासदाच्या कानावर गेलेलं असावं, एवढ्यासाठी ती लिहायची.

तिच्याकडे घडलं होतं ते असं. संस्थेचं सॉफ्टवेअर ज्या बाहेरच्या माणसाकडून घेतलंय, त्यानं १४ मे रोजी काही बदल केला. त्यात खातेदारांच्या स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा फोल्डर इंटरनेटवर उघडा राहिला, पासवर्डशिवाय. ९ जुलैला पुण्यात नोकरीला असलेल्या एका सभासदाच्या मुलानं सहज गुगलवर वडिलांचं नाव टाकलं, तर आधार कार्डाची प्रत समोर. त्यानं दुपारी चारला संस्थेत फोन केला. पाच वाजता फोल्डर बंद झाला. मला फोन आला साडेनऊला.

मी आधी विचारलं, "सर्ट-इनला कळवलंस का?" नव्हतं कळवलं. केंद्र सरकारच्या या संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे की अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं. चारला कळलं म्हणजे रात्री दहाची मुदत. तिनं त्याच वेळी incident@cert-in.org.in वर ईमेल टाकला, जेवढं माहीत होतं तेवढंच लिहून. पूर्ण माहिती नंतर देता येते, पहिली खबर वेळेत गेली पाहिजे. सकाळी सहायक निबंधकांना आणि पोलिसांच्या सायबर शाखेला लेखी कळवलं.

मग नोटिशीला बसलो. तिनं पहिला मसुदा केला होता, त्यात वाक्य होतं: "काही सभासदांची काही वैयक्तिक माहिती उघड झाल्याची शक्यता आहे." मी म्हटलं, "हे वाक्य खोड. फोल्डर उघड आणि त्यात नेमकं काय आहे ते एकेक करून मला वाचून दाखव." तासभर गेला, पण चित्र स्वच्छ झालं. खातं उघडण्याचा फॉर्म होता: नाव, गाव, मोबाइल, वारसाचं नाव. आधारच्या दोन्ही बाजूंची प्रत होती. काही जणांचं पॅन कार्ड होतं. फोटो होता, आणि नमुना सही होती. शिल्लक रक्कम त्यात नव्हती. अंगठ्याचे ठसे नव्हते. पिन किंवा पासवर्ड असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण या संस्थेचं ना एटीएम कार्ड आहे ना मोबाइल बँकिंग. जे गेलं नाही तेही नोटिशीत लिहायचं असतं, कारण लोकांना पहिली धास्ती त्याचीच असते. पण खात्री केल्याशिवाय लिहायचं नाही.

प्रत्येक कागदापुढे तिला एक प्रश्न लिहायला लावला: हा हातात आला तर चोर काय करील? नाव, गाव आणि मोबाइल हातात असले की तो संस्थेचा माणूस म्हणून फोन करील, वारसाचं नाव सांगून विश्वास मिळवील. पॅन आणि आधारच्या प्रतीवर कुणी परस्पर कर्ज काढायचा प्रयत्न करील. नुसत्या आधार क्रमांकानं बँकेतून पैसे निघत नाहीत, अंगठाही लागतो. पण रजिस्ट्रीच्या कागदांवरचे ठसे उतरवून बनावट अंगठे केल्याचे प्रकार काही राज्यांत उघडकीस आलेत, म्हणून तो धोका अगदीच नाही असंही म्हणता येत नाही. सहीपाशी येऊन पोरगी थांबली. म्हणाली, "काका, फोटो आणि सही असली तर आपल्याच खिडकीवर कुणी खोटी स्लिप घेऊन येईल." बरोबर. हा धोका सभासदाला टाळता येत नाही, तो संस्थेलाच टाळायचा आहे. त्याच दिवसापासून त्या खात्यांवर पासबुक आणि मूळ ओळखपत्र बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि ५,००० च्या वर रक्कम असेल तर आधीपासून नोंदलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, असं ठरलं.

आता किती जणांचं? सॉफ्टवेअरवाला म्हणत होता, "नोंदी बघितल्या, फक्त २१२ फाइली उघडल्या गेल्यात, तेवढ्यांनाच कळवा." मी विचारलं, नोंदी किती दिवसांच्या आहेत? सात दिवसांच्या. त्याआधीच्या आपोआप पुसल्या गेल्या होत्या. फोल्डर उघडा होता आठ आठवडे आणि नोंद होती शेवटच्या सात दिवसांची. मग आधीच्या सात आठवड्यांत कुणी काय नेलं ते कुणालाच सांगता येणार नाही. "गैरवापराचा पुरावा आढळला नाही" हे वाक्य अशा नोटिशीत हमखास असतं. ते वाचलं की विचारायचं: पुरावा शोधायला जागा होती का? नोंदी १८० दिवस ठेवायच्या असं सर्ट-इनच्या त्याच आदेशात आहे, त्यामागचं कारण हेच. फोल्डरमध्ये १,१४० जणांची कागदपत्रं होती. आम्ही १,१४० जणांना कळवायचं ठरवलं.

मसुदा करण्याआधी मी तिच्यासमोर एअर इंडियाची मे २०२१ ची नोटीस ठेवली. आपल्याकडच्या मोठ्या नोटिशींपैकी ती एक, आणि तिच्यातून चांगलं-वाईट दोन्ही शिकता येतं. प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या सिटा या बाहेरच्या कंपनीकडून ती फुटली होती, जगभरातल्या सुमारे ४५ लाख लोकांची. नोटिशीत काळ नेमका दिला होता: २६ ऑगस्ट २०११ ते ३ फेब्रुवारी २०२१ या काळात नोंदलेली माहिती. त्यामुळे २०१० साली एकदाच प्रवास केलेल्या माणसाला लगेच कळलं की आपण त्यात नाही. काय गेलं तेही एकेक करून सांगितलं होतं: नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्टची माहिती, तिकिटं, क्रेडिट कार्डाची माहिती. पासवर्डना धक्का लागलेला नाही, आणि कार्डाच्या मागचा सीव्हीव्ही त्या कंपनीकडे नव्हताच, हेही लिहिलं होतं. काय केलं तेही होतं: सर्व्हर सुरक्षित केले, बाहेरचे तज्ज्ञ बोलावले, कार्ड देणाऱ्या बँकांना कळवलं. एवढं उत्तम.

पण तारखा बघ, मी म्हटलं. पहिली खबर त्यांना २५ फेब्रुवारीला मिळाली. कोणाकोणाची माहिती गेली ते २५ मार्च आणि ५ एप्रिलला कळलं. मार्चमध्ये वेबसाइटवर एक सूचना टाकली होती, पण ही सविस्तर नोटीस २१ मेला आली. पहिल्या खबरीपासून ८५ दिवस, शेवटची यादी मिळाल्यापासूनही ४६ दिवस. आणि दुसरं: प्रवाशानं काय करावं म्हणून सांगितलं एकच, शक्य तिथे पासवर्ड बदला. जो पासवर्ड गेला नाही तो बदलायला सांगितला. जो पासपोर्ट क्रमांक गेला त्याचं काय करायचं याबद्दल एक शब्द नाही. मला सगळ्यात खटकतं ते हे. काय गेलं आणि काय करा या दोन याद्यांची गाठ बसत नसेल तर नोटीस कुणीतरी वकिलासाठी लिहिलेली असते, ग्राहकासाठी नाही. आपण गेलेल्या प्रत्येक वस्तूपुढे एक कृती लिहायची, आणि जिथे सभासदाला करण्यासारखं काही नाही तिथे तसं स्पष्ट लिहायचं.

कायदाही आता साधारण हेच म्हणतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम यांत बाधित माणसाला विलंब न करता, सोप्या शब्दांत पाच गोष्टी कळवायच्या आहेत: काय, किती आणि केव्हा घडलं, त्याचा त्या माणसावर काय परिणाम होऊ शकतो, धोका कमी करायला काय केलं, त्यानं स्वतः काय काळजी घ्यावी, आणि विचारायचं कुणाला. नियमांतला हा भाग अमलात यायला अठरा महिन्यांची मुदत आहे. अध्यक्षांनी लगेच विचारलं, "मग अजून बंधनकारक नाही ना?" मी म्हटलं, "साहेब, ज्यांची आधारची प्रत गुगलवर होती त्यांना ती मुदत कुणी दिलेली नाही." ते गप्प झाले, आणि त्यांनी सही केली याचं मला समाधान आहे.

दुपारी दोनपर्यंत नोटीस तयार झाली. पूर्ण देतो, कारण शब्द कसे निवडले ते त्याशिवाय कळणार नाही.

"दिनांक ११ जुलै. सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेत खातं उघडताना तुम्ही दिलेली कागदपत्रं १४ मे ते ९ जुलै या काळात इंटरनेटवर उघडी होती. आमच्यासाठी काम करणाऱ्या सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या चुकीमुळे हे घडलं, पण तुमची कागदपत्रं सांभाळण्याची जबाबदारी आमची होती आणि त्यात आम्ही कमी पडलो. यात १,१४० सभासद आहेत. ही नोटीस तुमच्या नावानं आली असेल तर तुम्ही त्यात आहात.

"काय उघडं होतं: खातं उघडण्याचा फॉर्म (नाव, गाव, मोबाइल नंबर, वारसाचं नाव), आधार कार्डाची प्रत, फोटो, नमुना सही, आणि ज्यांनी दिलं होतं त्यांचं पॅन कार्ड. काय उघडं नव्हतं: तुमच्या ठेवीची रक्कम, अंगठ्याचा ठसा. काय माहीत नाही: २ जुलैच्या आधी ही कागदपत्रं कुणी बघितली किंवा उतरवून घेतली का, हे सांगता येत नाही. त्या दिवसांच्या नोंदी उरलेल्या नाहीत.

"आम्ही काय केलं: ९ जुलैला सायंकाळी पाच वाजता कागदपत्रं बंद केली. त्याच रात्री केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवलं. १० जुलैला पोलिसांत आणि सहायक निबंधकांकडे लेखी कळवलं, आणि गुगलला त्यांच्याकडच्या प्रती काढायला सांगितलं. सर्व ठेवींची यादी छापील रोजकीर्द आणि खतावणीशी ताळून बघितली, फरक आढळला नाही. यापुढे तुमच्या खात्यातून पैसे काढताना पासबुक आणि मूळ ओळखपत्र लागेल. थोडा त्रास होईल, पण तुमची सही बाहेर गेलेली असल्यामुळे हे आवश्यक आहे.

"तुम्ही काय करायचं. एक: संस्थेचा, बँकेचा किंवा पोलिसाचा म्हणून कुणाचाही फोन आला आणि त्यानं ओटीपी, कार्डाचे आकडे किंवा एखादं अॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, त्यानं तुमच्या वारसाचं नाव बरोबर सांगितलं तरी. दोन: पॅनची प्रत दिलेल्यांनी आपल्या नावावर दुसऱ्या कुणी कर्ज काढलं नाही ना ते आता आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघावं, ही तपासणी संस्थेत फुकट करून मिळेल. तीन: अंगठा लावून बँकेतून पैसे काढत असाल तर आधारचं कुलूप लावायचं की नाही हे आमच्याशी बोलून ठरवा. चार: बँक खात्यातून न सांगता पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नियमानुसार तुमचं संरक्षण होतं.

"या प्रकरणासाठी संस्थेत स्वतंत्र खिडकी आहे, सकाळी दहा ते सहा, रविवारीसुद्धा. फोन नंबर तुमच्या पासबुकावर छापला आहे तोच. या नोटिशीत कुठलीही लिंक नाही, आणि या विषयावर आम्ही तुम्हाला कधीही लिंक पाठवणार नाही."

शेवटच्या दोन वाक्यांसाठी मी हट्ट धरला. खरी नोटीस निघाली की आठवड्याच्या आत तिची नक्कल निघते: "तुमची माहिती फुटली आहे, केवायसी करण्यासाठी इथे दाबा." खरी आणि खोटी ओळखायची खूण खऱ्या नोटिशीतच देऊन ठेवली पाहिजे. फोन नंबरही नवा द्यायचा नाही, कारण नव्या नंबरवर विश्वास कसा ठेवायचा? पासबुकावरचा नंबर सभासदाच्या घरात वर्षानुवर्षं पडलेला आहे, तो चोराला बदलता येत नाही.

तीन कामाच्या दिवसांचं जे लिहिलं ते रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेलं आहे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच ठिकाणी झालेली असेल, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत त्यानं कळवलं, तर नुकसान बँकेचं. चार ते सात कामाचे दिवस झाले तर साध्या बचत खात्याला १०,००० पर्यंतचा बोजा ग्राहकावर येऊ शकतो. पण स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी हे लागू झालं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, म्हणून नोटिशीत आम्ही मुद्दाम "बँक खात्यातून" असं लिहिलं.

आधारच्या कुलपाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे शहाणी माणसंही चुकतात. आधारच्या अॅपवर किंवा वेबसाइटवर बोटांचे ठसे बंद करून ठेवता येतात, मग त्या अंगठ्यानं कुणालाच पैसे काढता येत नाहीत. पुतणीच्या मसुद्यात सरसकट होतं: "आधार लॉक करा." मी विचारलं, सेनगावकडच्या तांड्यावरच्या म्हातारीनं कुलूप लावलं तर तिचं रेशन कसं निघणार? रेशन दुकानातलं यंत्रही अंगठा मागतं. निराधारचे पैसे ती गावातल्या बँक मित्राकडे अंगठ्यावरच काढते. कुलूप लावल्यावर तिचा स्वतःचाच अंगठा चालणार नाही, आणि उघडायला आधारशी जोडलेला मोबाइल लागतो, जो बहुतेक वेळा पुण्याला कामाला गेलेल्या पोराच्या खिशात असतो. म्हणून ज्याचं काम अंगठ्यावाचून अडत नाही आणि ज्याच्या हातात जोडलेला मोबाइल आहे, त्यानं कुलूप जरूर लावावं. बाकीच्यांना खिडकीवर बसवून बोलायचं, आणि त्यांच्या बँकेत आधारवरून पैसे निघणं बंद करण्याचा अर्ज देता येतो का ते विचारायचं. आधारच्या वेबसाइटवर मागच्या सहा महिन्यांत आपला आधार कुठे कुठे वापरला गेला ते दिसतं. खिडकीवर तेही काढून दाखवायचं ठरलं.

कर्जाच्या तपासणीबद्दलही असंच. देशात कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल त्यातली एक. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही एकाच दिवशी मागवून टाकायचे नाहीत. आज एकीकडून, तीन महिन्यांनी दुसरीकडून, असं केलं तर वर्षभर लक्ष राहतं. बचतगटाची, मायक्रोफायनान्सची कर्जं असतील तर क्रिफ हाय मार्कचा अहवाल आधी बघावा.

राहिला पोचवण्याचा प्रश्न. पुतणी म्हणाली, सगळ्यांना एसएमएस टाकते. टाक, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. आपल्या यादीतले किती नंबर सभासदाचे आणि किती भाच्याचे, जावयाचे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पिग्मी एजंट रोज दारात जातात, लोक त्यांना नावानं ओळखतात. त्यांच्या हातून बंद पाकिटात नोटीस द्यायची आणि दारातच मोठ्यानं वाचून दाखवायची. एजंटाला फक्त त्याच्या गल्लीतली पाकिटं द्यायची, १,१४० जणांची यादी कुणाच्याही हातात द्यायची नाही. कागद फुटल्याची नोटीस देताना यादी फुटली असं व्हायला नको. संस्थेच्या फलकावर नोटीस लावली ती नावांशिवाय. ज्याच्याकडे पाकीट पोचलं त्याची सही किंवा अंगठा पोचवहीत घ्यायचा, जे परगावी आहेत त्यांना फोन, आणि फोन करणाऱ्यानं काहीही विचारायचं नाही, फक्त सांगायचं.

पहिल्या दिवशी खिडकीवर साठ-सत्तर माणसं आली. चिडून आलेली बरीच होती, आणि त्यांना चिडायचा हक्क होता. दोघांनी ठेव मोडली, तिनं वाद न घालता मोडून दिली. चौथ्या दिवशी औंढ्याकडच्या एका बाईंनी फोन केला. "संस्थेतून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला होता, माझ्या सुनेचं नाव सांगत होता, लिंक पाठवतो म्हणाला. मी ठेवला फोन." पुतणीनं तारीख, वेळ आणि तो नंबर वहीत लिहून घेतला आणि त्याच दुपारी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली.

पोचवहीत अजून ८३ सह्या बाकी आहेत. त्यातली बरीच माणसं कामासाठी बाहेरगावी आहेत. पोरी, त्यांची घरं बंद दिसली म्हणून वही मिटवू नकोस. शेवटची सही होईपर्यंत ती खिडकी उघडी ठेव.